मुले लग्नाआधीच एकत्र राहू लागली, तर आईवडिलांनी काय करावे?



गेल्या काही वर्षांत घरभेटीच्या वेळी किंवा मिस्सानंतर एक प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. तो मोठ्याने विचारला जात नाही. इतर लोक निघून गेले की आई थोडी मागे रेंगाळते आणि हळूच सांगते, "फादर, मुलगी पुण्याला आहे. नोकरी चांगली आहे. पण ती एका मुलाबरोबर फ्लॅटवर राहते. लग्न केलेले नाही. ह्यांनी तर तिच्याशी बोलणेच सोडले आहे." कधी मुलीच्या जागी मुलगा असतो, पुण्याच्या जागी मुंबई, बंगळूर किंवा दुबई असते. शेवटचे वाक्य मात्र बहुधा तेच असते.

छत्रपती संभाजीनगरातील आपली मुले शिकून बाहेर पडतात आणि पंचविशीत परक्या शहरात स्वतःच्या कमाईवर राहू लागतात. तेथे घरभाडे दोघांत वाटले जाते, शेजारी चौकशी करीत नाहीत. लग्नाविना एकत्र राहणे, ज्याला सर्वजण आता 'लिव्ह-इन' म्हणतात, ते तेथे सोपे झाले आहे. आईवडिलांना ते मान्य नाही आणि आम्हांलाही नाही. म्हणून आजच्या पाठात आपण ते योग्य की अयोग्य यावर थोडेच बोलू. आईवडिलांची नापसंती कोणते रूप घेते आणि त्या रूपाचा परिणाम काय होतो, यावर अधिक बोलू.

ख्रिस्तसभा दोन गोष्टी सांगते

पहिली गोष्ट आपल्याला माहीत आहे. स्त्री-पुरुषाने पूर्णपणे एकमेकांचे व्हावे ते विवाहातच, असे ख्रिस्तसभा शिकवते. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३९०व्या आणि २३९१व्या परिच्छेदांत लग्नाविना सहवास आणि 'आधी राहून बघू, मग ठरवू' हा विचार, दोन्ही नाकारलेले आहेत. कारण सरळ आहे. वस्तू वापरून पाहता येते, माणूस वापरून पाहता येत नाही. परत जाण्याचे दार उघडे ठेवून दिलेला शब्द हा पूर्ण शब्द नव्हे.

दुसरी गोष्ट तितकीशी माहीत नाही, पण ती त्याच ग्रंथात आहे. २२१७व्या परिच्छेदात म्हटले आहे, की मूल आईवडिलांच्या घरी राहते तोवर त्याने त्यांची आज्ञा पाळावी. ते स्वतंत्र झाले की आज्ञापालनाचे बंधन संपते, आदराचे मात्र कधीच संपत नाही. पुढे २२३०व्या परिच्छेदात सांगितले आहे, की व्यवसाय आणि जीवनमार्ग निवडण्याचा हक्क व कर्तव्य सज्ञान मुलांचे आहे. आईवडिलांनी सल्ला द्यावा, पण जोडीदार निवडण्याबाबत दडपण आणू नये.

या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तर आईवडिलांची जागा नेमकी कळते. सव्वीस वर्षांच्या मुलीला तुम्ही हुकूम देऊ शकत नाही, परंतु 'हे आम्हांला पटत नाही' असे सांगण्याचा तुमचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. हुकूम आणि मत यांतला हा फरक पुष्कळ घरांत पाळला जात नाही. मत ऐकले गेले नाही की त्याचा हुकूम होतो, हुकूम मोडला गेला की त्याची शिक्षा होते, आणि ती शिक्षा बहुधा एकच असते: बोलणे बंद.

देशाचा कायदाही याच दिशेने आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केरळचे एक प्रकरण आले. मुलीच्या वडिलांच्या अर्जावरून उच्च न्यायालयाने तिला वडिलांच्या ताब्यात दिले होते, कारण मुलाची एकवीस वर्षे पूर्ण झालेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. दोघेही सज्ञान आहेत, लग्न करता येत नसले तरी त्यांना एकत्र राहण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणून रागाच्या भरात 'मुलीला पळवून नेले' अशी फिर्याद देऊ पाहणाऱ्या पालकांनी आधी थांबावे. मुलगी सज्ञान असेल आणि 'मी स्वतःहून गेले' असे ती पोलिसांना सांगेल, तर ती फिर्याद टिकणार नाही. मुलीच्या मनात मात्र ती कायमची राहील.

वसईच्या एका घराची गोष्ट

बोलणे बंद झाल्यावर काय होऊ शकते, हे सांगण्यासाठी आपल्याच राज्यातले एक उदाहरण आम्ही घेत आहोत. ते सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. वाचताना बहुतेकांचे लक्ष गुन्ह्याच्या क्रौर्याकडे गेले. आम्ही ते तपशील येथे देणार नाही. आपण फक्त तारखांकडे बघू.

श्रद्धा वालकर ही वसईची मुलगी. आई आणि भावाबरोबर राहत होती, वडील वेगळे राहत होते. कॉल सेंटरमध्ये नोकरी करीत होती. २०१९ साली तिने घरी सांगितले, की एका तरुणाबरोबर मला राहायचे आहे. तो दुसऱ्या धर्माचा होता. घरच्यांनी नकार दिला. वडिलांनी पुढे पोलिसांना दिलेल्या माहितीप्रमाणे, मी पंचवीस वर्षांची आहे, माझे निर्णय मी घेईन, अशा अर्थाचे बोलून ती घराबाहेर पडली. २०२०च्या सुरुवातीला तिची आई वारली. त्यानंतर ती काही दिवस घरी येऊन राहिली, मारहाण होते असे तिने सांगितलेही होते. पण साथीदाराने माफी मागितली आणि ती परत गेली. पुढे वडिलांशी तिचे बोलणे जवळजवळ थांबले.

नोव्हेंबर २०२० मध्ये तिने नालासोपाऱ्याजवळच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. साथीदाराने आपला गळा दाबला, जिवे मारण्याची धमकी दिली, असे तिने त्यात लिहिले होते. डिसेंबरात तिनेच 'आमच्यात आता वाद नाही' असे लिहून दिले आणि ते प्रकरण मिटले. मे २०२२ मध्ये दोघे दिल्लीला गेले. त्याच महिन्यात, १८ मे रोजी, तिचा खून झाला असे दिल्ली पोलिसांचे म्हणणे आहे. तिचा फोन बरेच दिवस लागत नाही, ही गोष्ट तिच्या मित्राने तिच्या भावाला सांगितली ती सप्टेंबरमध्ये. वडिलांनी वसईच्या माणिकपूर पोलीस ठाण्यात तक्रार दिली ती ऑक्टोबरमध्ये. साथीदाराला अटक झाली १२ नोव्हेंबरला. मे २०२३ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याच्यावर आरोप निश्चित केले. दोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नाही. वडील फेब्रुवारी २०२५ मध्ये वसईत वारले. लेकीचे अवशेष अंत्यविधीसाठी हाती यावेत, याची ते शेवटपर्यंत वाट पाहत होते.

या तारखा कोणाला दोष देण्यासाठी आम्ही मांडलेल्या नाहीत. खुनाचा दोष खून करणाऱ्याचा असतो, लेकीशी अबोला धरलेल्या बापाचा नव्हे. लिव्ह-इनमध्ये राहिली म्हणून मारली गेली, असे म्हणणेही बरोबर नाही; विधिपूर्वक लग्न झालेल्या किती मुली सासरी मारल्या जातात, हे आपण जाणतो. साथीदाराच्या धर्मावर बोट ठेवणेही बरोबर नाही, कारण मारहाण करणारे पुरुष सर्व धर्मांत आहेत, आपल्यातही आहेत.

तरीही या तारखांत एक जागा अशी आहे, जिच्याकडे प्रत्येक आईवडिलांनी बघावे. मे ते सप्टेंबर असे चार महिने घरच्यांना काहीच कळले नाही. रोज किंवा आठवड्यातून एकदा जिथे फोन होतो, तिथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी अस्वस्थ होते, दहाव्या दिवशी कोणीतरी गाडीत बसते. जिथे महिनोन्‌महिने फोनच होत नाही, तिथे शांतता ही नेहमीचीच असते. तिच्यातून धोका ओळखता येत नाही.

दुसरी जागा नोव्हेंबर २०२०ची. तक्रार देऊन महिन्याभरात ती मागे घेणे, हे मारहाण सोसणाऱ्या बाईच्या बाबतीत नेहमी घडते. ती परत जाते, कारण जायला दुसरे ठिकाण नसते, किंवा आहे असे तिला वाटत नाही. आईवडिलांच्या मनाविरुद्ध गेलेल्या मुलीच्या बाबतीत यात आणखी एक गाठ पडते. घरी सांगायचे म्हणजे 'तुमचे बरोबर होते' हे कबूल करायचे. तो पराभव टाळण्यासाठी ती मार सहन करते. आम्ही सांगत होतो ना, हे एक वाक्य घरात तिची वाट बघत आहे हे तिला ठाऊक असेल, तर ती उंबरठ्यापर्यंत येऊनही परत जाईल.

या घटनेनंतर डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरधर्मीय विवाहांसाठी एक राज्यस्तरीय परिवार समन्वय समिती नेमली. ज्या मुलींचा माहेराशी संबंध तुटला आहे त्यांची माहिती घ्यावी, समुपदेशन करावे, असा तिचा हेतू सांगितला गेला. त्यावर उलटसुलट चर्चा झाली, खासगी जीवनात शासनाने डोकावू नये असा आक्षेपही आला. आमचे म्हणणे साधे आहे. जे काम समितीला करावे लागते ते आईच्या एका फोनने होऊ शकते, आणि आईने ते बंद केले तर कोणतीही समिती ते नीट करू शकत नाही.

संत मोनिकेने काय केले?

पालकांना आपण नेहमी संत मोनिकेचे उदाहरण देतो. मुलासाठी अश्रू ढाळणारी, प्रार्थना करणारी आई, एवढेच आपण सांगतो. पण तिची गोष्ट आजच्या प्रश्नाच्या फार जवळची आहे. तिचा मुलगा ऑगस्टीन वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास एका स्त्रीबरोबर लग्नाविना राहू लागला आणि सुमारे पंधरा वर्षे तिच्याबरोबरच राहिला. त्यांना आदेओदातुस नावाचा मुलगा झाला. त्या स्त्रीचे नाव ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात कोठेही दिलेले नाही.

मोनिकेने एकदा मुलाला घराबाहेर ठेवले होते. कारण होते त्याने स्वीकारलेला मानी पंथ. त्याच्याबरोबर एका टेबलाशी जेवायलाही तिने नकार दिला. पण एका स्वप्नातून तिला धीर मिळाला आणि तिने त्याला पुन्हा घरात घेतले. मुलाची मते तोवर बदललेली नव्हती. पुढची नऊ वर्षे तो त्याच पंथात होता. म्हणजे चूक सुधारल्यावर दार उघडले असे झाले नाही. दार आधी उघडले, सुधारणा फार नंतर आली. तिने एका बिशपांनाही गळ घातली, की माझ्या मुलाशी वाद घालून त्याला वळवा. त्यांनी नकार दिला. तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असा सल्ला त्यांनी दिला. आमच्याकडे येऊन 'फादर, तुम्ही एकदा त्याला चांगले सुनवा' म्हणणाऱ्या पालकांना आम्ही हीच गोष्ट सांगतो.

आता या गोष्टीचा कमी सांगितला जाणारा भाग. मुलगा मिलानला मोठ्या पदावर पोहोचला, तेव्हा मोनिका तेथे गेली. ३८५ सालच्या सुमारास तिच्या पुढाकाराने त्याचे लग्न एका चांगल्या घरात ठरले. मुलगी इतकी लहान होती, की लग्नाच्या वयाला अजून दोन वर्षे बाकी होती. या स्थळाच्या आड येते म्हणून पंधरा वर्षांच्या सोबतिणीला आफ्रिकेला परत पाठविण्यात आले. दुसऱ्या पुरुषाकडे जाणार नाही असे वचन देऊन ती गेली, मुलाला बापाकडे ठेवून गेली. ती खालच्या सामाजिक थरातली असावी आणि म्हणून तिच्याशी लग्नाचा विचार झाला नसावा, असे अभ्यासक मानतात. यातून ऑगस्टीन सुधारला का? नाही. तो मनातून मोडला आणि लग्नाची दोन वर्षे थांबवेना म्हणून त्याने दुसरीच बाई ठेवली. हे त्याने स्वतः लिहिले आहे. त्याचे परिवर्तन झाले ते ३८६ साली, अगदी वेगळ्या मार्गाने, आणि ते ठरविलेले लग्न झालेच नाही. ३८७च्या पुनरुत्थान सणाला त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिका वारली.

संतांच्याही सगळ्याच योजना देवाच्या नसतात. मोनिकेच्या उघड्या दाराला फळ आले, घाईने जुळविलेल्या स्थळाला आले नाही.

लग्नाची घाई हे औषध नव्हे

आपल्याकडे दोन प्रकारची घाई होते. एक, त्या मुलापासून तोडून मुलीला दुसरीकडे उजवणे. दोन, 'राहताच आहात तर येत्या महिन्यात उरकून टाका' म्हणून दोघांना वेदीपुढे उभे करणे. पहिली अन्यायाची आहे हे सहज पटते, कारण जिच्याशी लग्न लावायचे त्या तिसऱ्या माणसाचीही त्यात फसवणूक होते. दुसरीचे काय चुकते, असे मात्र पालक विचारतात.

चुकते ते असे. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ११०३व्या कलमाप्रमाणे जबरदस्तीने किंवा बाहेरून आणलेल्या गंभीर भीतीमुळे, त्यातून सुटण्यासाठी म्हणून केलेला विवाह वैध नसतो. 'लग्न केले नाही तर आई विष घेईल' ही धमकी अशी भीती ठरू शकते. म्हणूनच लग्नापूर्वीच्या चौकशीत आम्ही मुलाला आणि मुलीला वेगवेगळे बसवून विचारतो, की तुझ्यावर कोणाचे दडपण आहे का. त्या वेळी आईवडिलांना बाहेर थांबायला सांगतो, तेव्हा कृपया रागावू नका. बाहेरून शोभिवंत दिसणारे पण आतून पोकळ असलेले लग्न लावून देण्यापेक्षा सहा महिने थांबलेले बरे.

त्याऐवजी एक प्रश्न शांतपणे विचारावा: तुम्ही लग्न का करीत नाही? दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात सांगितले आहे, की अशा जोडप्यांची कारणे एकसारखी नसतात आणि ती ओळखून त्यांच्याबरोबर चालावे लागते. आमच्याकडे आलेल्या घरांत साधारणपणे तीन उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर: अजून खात्री नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक प्रत्युत्तर द्यावे, की खात्री नसेल तर एका घरात राहू नका. भाडे, सामान, सवय यांचे धागे एकदा गुंतले, की निघणे अवघड होते आणि निर्णय न घेताच लग्न होऊन जाते.

दुसरे उत्तर: खर्च. हॉल, जेवणावळ, बँड, दागिने, दोन्हीकडचे मानपान. पाच वर्षे पैसे साठवल्याशिवाय लग्न म्हणायचे नाही असे मुलांना वाटते. येथे मुलांपेक्षा आपलाच दोष अधिक आहे. विवाह संस्काराला वर, वधू, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार पुरतात. 'आपण साधेपणाने करू, लोक काय म्हणतील ते आम्ही बघतो', हे आईवडिलांनी म्हटले तर अर्धी अडचण तेथेच संपते.

तिसरे उत्तर ऐकून पालक गप्प होतात: तुम्हीच परवानगी देत नाही. मुलगा वेगळ्या जातीचा, दुसऱ्या पंथाचा किंवा अख्रिस्ती आहे म्हणून घरच्यांनी लग्नाला नकार दिलेला असतो, दोघे आईवडिलांना दुखवून लग्न करायला धजत नाहीत आणि म्हणून लग्नाविना राहतात. अशा घरात आईवडील ज्याला पाप म्हणतात ते त्यांच्याच नकारावर उभे असते. जातीमुळे दिलेल्या नकाराला शुभवर्तमानात आधार नाही. जोडीदार अख्रिस्ती असेल तर मार्ग बंद नाही. बिशप महोदयांची परवानगी घेऊन विवाह चर्चमध्ये होऊ शकतो. कॅथोलिक व्यक्तीला आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना कॅथोलिक बाप्तिस्मा व शिक्षण देण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते. जोडीदाराला ते वचन समजावून सांगितले जाते, त्याचे धर्मांतर करावे लागत नाही. आधी एकत्र राहत होते म्हणून ख्रिस्तसभा कोणाला विवाह नाकारीत नाही, हेही लक्षात ठेवा. प्रायश्चित्त संस्कार घेऊन, विवाहाची तयारी करून ते वेदीपुढे येऊ शकतात.

घरात प्रत्यक्ष काय करावे?

आपले मत एकदा, स्पष्ट, दोघांनी मिळून सांगावे. आई एक बोलते आणि बाप दुसरे, असे होऊ नये. एकदा सांगितल्यावर प्रत्येक फोनवर ते उगाळू नये. मुलांनी ते ऐकलेले असते. दहाव्यांदा ऐकावे लागेल या भीतीने ती फोन घेणे सोडतात.

फोनचा दिवस ठरवावा. रविवारी संध्याकाळचा ठरला तर तो रविवारी संध्याकाळीच व्हावा. जेवलीस का, कामाचे कसे चालले आहे, एवढे बोलणे पुरे. तिच्या राहण्याचा पूर्ण पत्ता आणि एका मैत्रिणीचा नंबर आपल्याकडे असावा. हा पहारा नव्हे. शेजारच्या घरी किल्ली ठेवतो तसे हे आहे.

ती दोघे घरी आली तर जेवू घालावे. आपल्या घरात झोपण्याची सोय वेगवेगळी असेल, असे आधीच सांगावे. हा तुमच्या घराचा नियम आहे आणि तो सांगताना संकोच नको. धाकट्या भावंडांनी विचारले तर खोटे सांगू नये. 'ताईचा हा निर्णय आम्हांला पटलेला नाही, पण ताई आपली आहे', एवढे बारा वर्षांच्या मुलालाही कळते.

मुलाच्या आईवडिलांना वेगळे सांगायचे आहे. मुलगी अशी राहिली तर घरात सुतक पडते, मुलगा राहिला तर 'पुरुषाची जात, येईल ठिकाणावर' म्हणून हसून सोडले जाते. त्या दुसऱ्या घरातली मुलगीही कोणाची तरी लेक आहे. तुमचा मुलगा तिला शब्द न देता तिच्याबरोबर राहत असेल, तर त्याला ठामपणे विचारणे हे तुमचे कर्तव्य आहे.

मारहाणीची शंका आली तर मात्र आपली नापसंती पूर्णपणे बाजूला ठेवावी. सतत फोनवर साथीदार शेजारी असणे, मैत्रिणी तुटणे, पगार त्याच्या हातात असणे, अंगावरच्या खुणांची न पटणारी कारणे, ठरलेला फोन दोन-तीनदा चुकणे, ही लक्षणे आहेत. अशा वेळी जाऊन भेटावे. तिला एकच वाक्य सांगावे, की घर तुझे आहे, काही विचारणार नाही. ती परत त्याच्याकडे गेली तरी हे वाक्य मागे घेऊ नये; दुसऱ्या, तिसऱ्या वेळीही ते लागते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त लग्न झालेल्यांसाठी नाही. एका घरात विवाहासारख्या नात्याने राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचे संरक्षण मिळते. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक घरात लिहून ठेवावेत.

शेवटी आईवडिलांच्या स्वतःच्या श्रद्धाजीवनाविषयी. मुलीची गोष्ट बाहेर फुटेल म्हणून काही जण रविवारच्या मिस्साला येणे सोडतात, काही येतात पण ख्रिस्तशरीर घेत नाहीत. सज्ञान मुलाच्या निर्णयाचे पाप आईवडिलांच्या खात्यावर लिहिले जात नाही. तुम्ही यावे, तुमच्या जागेवर बसावे. आणि इतरांनी अशा घराविषयी चर्चच्या आवारात कुजबुज करू नये. त्या कुजबुजीच्या भीतीनेच अनेक बाप दार लावून घेतात.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाने मुलाचे वागणे बरोबर ठरविले नाही आणि त्याला पकडून आणायला माणसेही पाठविली नाहीत. पण मुलगा दूर असतानाच त्याने त्याला पाहिले, असे लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. त्याची नजर रस्त्यावर असल्याखेरीज तो दूरवरून दिसला नसता.

घरी विचार करण्यासाठी

१. आपले मत मुलांना आपण सांगितले आहे, की फक्त अबोल्याने दाखविले आहे?

२. आपल्या मुलामुलींनी लग्न पुढे ढकलण्याचे कारण आपणच तर नाही ना?

३. संकटात सापडलेली आपली लेक रात्री दोन वाजता कोणाला फोन करील? तो फोन आपल्याला येईल का?

या विषयावर ज्यांना खासगीत बोलायचे आहे त्यांनी मिस्सानंतर भेटावे. मुलामुलींना बरोबर आणण्याची अट नाही.

— आपले धर्मगुरू